शिपवर निघालेल्या शेफला शिफारसपत्र लिहून देताना

किचनमधला पोरगा दुपारच्या ब्रेकमध्ये केबिनच्या दारात येऊन उभा राहतो, हात अॅप्रनला पुसत. "सर, एक लेटर पाहिजे होतं. शिपसाठी." त्याआधी महिनाभर तो सुट्ट्या घेऊन मुंबईत कुठेतरी कोर्सला जात असतो, त्यामुळे आपल्याला अंदाज आलेलाच असतो. कोकण, गोवा आणि मुंबईच्या रेस्टॉरंटांत मॅनेजरची नोकरी धरली की वर्षातून एकदा तरी ही वेळ येतेच. नवीन मॅनेजर अशा वेळी इंटरनेटवरून एक नमुना उतरवतात, त्यात 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर' भरतात, शिक्का मारतात आणि मोकळे होतात. मीही पहिली दोन पत्रं तशीच दिली. ती एजन्सीत कुणी वाचली असतील असं मला आता वाटत नाही.

शिपच्या नोकरीचं पत्र वाचणारा माणूस तुमच्या शेफला ओळखत नाही. तो त्याला सहा-नऊ महिन्यांसाठी अशा जागी पाठवणार असतो जिथून चुकीचा माणूस दुसऱ्या दिवशी परत पाठवता येत नाही. म्हणून त्याला कौतुकाशी घेणं नसतं. त्याला पडताळून पाहता येईल अशी माहिती हवी असते. ती कशी गोळा करायची आणि कशी मांडायची, ते क्रमाने सांगतो.

आधी विचारा: क्रूझ की कार्गो?

'शिप' हा एकच शब्द असला तरी नोकऱ्या दोन आहेत आणि दोन्हींची पत्रं वेगळी लागतात.

क्रूझवरचं किचन, म्हणजे गॅली, हे मोठ्या हॉटेलच्या किचनचंच वाढवलेलं रूप आहे. कॉमी, डीसीडीपी, सीडीपी, सू शेफ अशी उतरंड तीच. माणूस एका सेक्शनला असतो आणि तेच काम हजारोंच्या संख्येत करतो. तिथे पत्रात सेक्शन, रोजचे कव्हर्स आणि स्वच्छतेची शिस्त यांना वजन आहे.

मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस माणसं असतात आणि स्वयंपाकाचा बहुतेक भार एका कुकवर असतो, हाताखाली फार तर एक मेसमन. सकाळचा नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, शिवाय पाव भाजणं आणि पुढच्या बंदरापर्यंत रेशन पुरवणं हे सगळं त्याच्याकडे. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार, ज्या जहाजावर किमान दहा किंवा जास्त माणसं असणं ठरवून दिलेलं आहे, तिथे पात्र प्रशिक्षित कुक लागतोच. त्याचं वेगळं प्रमाणपत्र असतं आणि तुमचं पत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा पत्रात तुम्ही लिहायचं ते हे, की हा माणूस किती प्रकारचं जेवण एकट्याने काढू शकतो, शाकाहारी आणि हलाल वेगळं ठेवतो का, इंडेंट आणि स्टोअर त्याने सांभाळलंय का. त्याने आयुष्यभर फक्त तंदूर केला असेल तर तसंच लिहा आणि कार्गोऐवजी क्रूझकडे बघ, असं त्याला तोंडी सांगा.

पुढचं मी क्रूझ धरून सांगतो, कारण रेस्टॉरंटमधून जाणारे माझ्या पाहण्यातले बहुतेक जण तिकडेच जातात.

कागद काढून बसा, आठवणीवर लिहू नका

पत्र लिहायला अर्धा तास लागतो, माहिती जमवायला एक दुपार. हजेरीपट, पगारपत्रक, बिलिंगच्या मशीनमधले मागच्या वर्षीचे कव्हर्सचे आकडे आणि शेफच्या फाइलमधले कागद, म्हणजे अन्नसुरक्षेच्या फॉसटॅक ट्रेनिंगचं प्रमाणपत्र आणि दरवर्षीची फूड हँडलरची वैद्यकीय तपासणी, एवढं समोर ठेवा. त्याच्याकडून पासपोर्टची झेरॉक्स आणि त्याने एजन्सीला दिलेला बायोडेटा मागून घ्या. बायोडेटा न पाहता पत्र लिहिलंत तर कुठेतरी फाटा फुटणार हे नक्की.

पहिली गोची नावाची. आपल्याकडे हजेरीवर टोपणनाव, पगारपत्रकावर आडनाव आधी, आणि पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. एका पोराला मी पगारपत्रकावरून नाव उतरवून दिलं होतं. पासपोर्टवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं होतं. एजन्सीने पत्र परत पाठवलं आणि तोवर मी गावी गेलेलो, त्यामुळे त्याचा एक आठवडा बुडाला. तेव्हापासून पासपोर्ट उघडा ठेवून एकेक अक्षर जुळवतो.

दुसरी गोची तारखांची, आणि ही जास्त नाजूक. आपल्या धंद्यात माणूस जूनमध्ये ट्रायलला येतो, दोन महिने रोखीने पैसे घेतो आणि ऑगस्टपासून पगारपत्रकावर चढतो. तो बायोडेटात जून लिहितो, ऑफिस ऑगस्ट सांगतं, आणि पडताळणी करणाऱ्याला वाटतं की पोरगा खोटं बोलतोय. तो खोटं बोलत नसतो. सरळ दोन्ही लिहा: 'जूनपासून ट्रायलवर, 1 ऑगस्टपासून कायम.' बढत्याही तारखेसकट द्या, कधी कॉमी टू, कधी कॉमी वन, कधी डीसीडीपी.

तारखा आणि पदाचा कोरा दाखला म्हणजे अनुभव प्रमाणपत्र. ते ऑफिस किंवा एचआर देतं, ते वेगळं घ्यायला सांगा. काही मोठ्या हॉटेलांत मॅनेजरला लेटरहेडवर याहून जास्त लिहायची परवानगीच नसते. तसं असेल तर लेटरहेड न वापरता साध्या कागदावर, स्वतःचं पद लिहून, वैयक्तिक शिफारस म्हणून द्या. मालकाला न विचारता लेटरहेड वापरू नका. एजन्सीचा फोन मालकाने उचलला आणि त्याला काही माहीतच नसलं, तर पत्र आणि पोरगा दोघेही संशयात येतात.

पद फुगवू नका

'सर, जरा सीडीपी लिहा ना' ही विनंती हमखास होते. ती मोडवत नाही, कारण पोरगा चार वर्षं आपल्यासाठी राबलेला असतो. मी एकदा एका कॉमी वनला सीडीपी लिहून दिलं. एजन्सीत ट्रेड टेस्ट झाली. त्याला सेक्शनचं मिझाँप्लास लिहून काढायला सांगितलं, पाच मदर सॉस विचारले, सेक्शनमध्ये चार माणसं असतील तर काम कसं वाटशील असं विचारलं. हाताने उत्तम काम करणारा पोरगा तिथे गप्प झाला. तो कॉमी म्हणून गेला असता तर सहज निघाला असता. त्याचं नुकसान झालंच, पण पुढे आमच्याकडून आणखी एक जण तिथे गेला तेव्हा त्याच्या पत्राची त्यांनी तीन वेळा फोन करून खातरजमा केली.

जमिनीवरच्या सीडीपीला शिपवर पहिल्या कॉन्ट्रॅक्टला बऱ्याचदा एक पायरी खाली घेतात. हे पोरांना माहीत असतं म्हणूनच ते एक पायरी वर मागतात. तुम्ही पद खरं लिहा आणि त्याखाली काम तपशिलाने लिहा. पद डीसीडीपीचं असून सीडीपीच्या सुट्टीच्या दिवशी आठवड्यातून दोनदा तो सेक्शन एकटा चालवत असेल, तर ते वाक्य जसंच्या तसं घाला. वाचणाऱ्याला त्यातून पाहिजे ते कळतं.

आकडे कुठले द्यायचे

रेस्टॉरंटच्या एकूण आकड्यापेक्षा शेफच्या सेक्शनचा आकडा उपयोगी. 'आमच्याकडे 110 सीट आहेत' हे ठीक, पण त्याच्या सेक्शनमधून शनिवारी रात्री किती प्लेट्स निघतात, हाताखाली किती जण, बँक्वेट असेल तर किती माणसांचं, ते सांगा. आमच्या इंडियन करी सेक्शनमधून आठवड्याच्या मधल्या दिवशी साधारण 90 आणि शनिवारी 170 प्लेट्स निघतात, हे मी केओटीवरून मोजलं. अंदाजाने '500' लिहिण्यापेक्षा मोजलेले 170 बरे, कारण उलट विचारलं तरी अडखळायला होत नाही.

यंत्रांचाही उल्लेख करा. आपली पोरं गॅसच्या भट्टीवर मोठी झालेली असतात. क्रूझच्या गॅलीत बहुतेक सगळं विजेवर चालतं: हॉट प्लेट, इंडक्शन, कॉम्बी ओव्हन, टिल्टिंग पॅन, ब्लास्ट चिलर. भांडी समुद्राच्या हेलकाव्याने घसरू नयेत म्हणून शेगडीला कठडे असतात. यातलं तुमच्या किचनमध्ये जे आहे आणि त्याने जे खरोखर वापरलंय, तेवढंच लिहा. कॉम्बीवर तो फक्त ट्रे आत ढकलत असेल आणि प्रोग्रॅम दुसराच कोणी लावत असेल, तर 'कॉम्बी हाताळतो' हे वाक्य त्याला पहिल्याच आठवड्यात अडचणीत आणेल.

स्वच्छतेचा परिच्छेद: इथे घाई नको

पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा, आणि बहुतेक मॅनेजर तो 'हायजीनची जाण आहे' या तीन शब्दांत उरकतात.

क्रूझवर काम केलेल्या कुणालाही 'यूएसपीएच' म्हणून बघा, चेहरा बदलतो. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या प्रवासी जहाजांची ही आरोग्य तपासणी न कळवता होते, 100 पैकी गुण मिळतात, 85 किंवा खाली आले तर जहाज नापास, आणि निकाल जाहीर होतो. तपासणारा थर्मामीटर घेऊन थेट फ्रीजपाशी जातो आणि समोर जो कुक असेल त्यालाच प्रश्न विचारतो. त्यामुळे कंपनीला असा माणूस हवा असतो जो तापमान लिहितो, आणि लिहितो ते खरं लिहितो.

आपल्याकडचे नियम यापासून फार लांब नाहीत. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली, हे एफएसएसएआयचं आपण रोज पाळतो, निदान पाळायला पाहिजे. शिपवर गरम धरून ठेवायची मर्यादा 57 आहे, थंडाची तीच 5. खरी परीक्षा शिजलेलं अन्न थंड करताना होते: दोन तासांत 21 अंशांपर्यंत आणि त्यानंतरच्या चार तासांत 5 पर्यंत. 40 लिटर मखनी ग्रेव्ही टोपात तशीच ठेवून दिली तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. ती उथळ ट्रेमध्ये दोन-तीन इंच ओतून, खाली बर्फ घालून, मधूनमधून ढवळून उतरवावी लागते. तुमचा शेफ हे करतो का? करत असेल तर हेच लिहा, 'हायजीन' हा शब्दही लागणार नाही.

मी ज्या पत्राचा मजकूर खाली देतोय, त्यात एक प्रसंग आहे. तो कसा निवडला ते सांगतो. पोराने मला सुचवलं होतं की एका सेलिब्रिटीने त्याच्या बिर्याणीचं कौतुक केलं ते लिहा. मी मात्र मे महिन्यातली एक सकाळ निवडली. रात्री वॉक-इन चिलरचा कॉम्प्रेसर बंद पडला होता. हा सकाळी सातला आला, डिस्प्लेवर 13 दिसले. दार लावून चिलर परत सुरू करणं सोपं होतं, दहापर्यंत आकडा खाली आला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. याने चिकनच्या मधोमध प्रोब घातला, 11 अंश आले. कधीपासून तसं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. याने 14 किलो चिकन बाजूला काढलं, वेस्टेजच्या वहीत वजन आणि तापमान लिहिलं आणि मला झोपेतून उठवून फोन केला. मी त्याच्यावर ओरडलो, हेही कबूल करतो. 14 किलो म्हणजे दुपारचा अख्खा मेनू. पण वहीतली ती ओळ आजही आहे आणि पत्रासाठी तिच्याइतकं चांगलं काही माझ्याकडे नव्हतं.

सोबत राहण्याबद्दल

शिपवर ड्युटी संपली तरी माणूस घरी जात नाही. केबिन दोघा-चौघांत, जेवण त्याच मेसमध्ये, आठवड्याची सुट्टी नाही. सागरी कामगार करारात 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्याला किमान 77 तास विश्रांती ठरवलेली आहे. म्हणजे दिवसाला दहा-अकरा तास काम, रोज, महिनोन्महिने, हे नियमात बसतं. म्हणून स्वभावाबद्दल दोन वाक्यं हवीतच, पण 'शांत स्वभावाचा आहे' याला अर्थ नाही. स्टाफ क्वार्टरमध्ये राहिला असेल तर किती वर्षं, किती जणांच्या खोलीत, तक्रार आली का, हे लिहा. सलग किती दिवस काम केल्याची नोंद आहे, तेही हजेरीपटावर सापडतं. नेपाळी, बंगाली, उत्तरेकडच्या पोरांसोबत काम केलंय का, ऑर्डर इंग्रजीत घेतो का, याचाही उपयोग होतो.

काय लिहायचं नाही, ते थोडक्यात. धर्म, जात, लग्न, घरची परिस्थिती, आजारपण यांना पत्रात जागा नाही. 'घरची गरिबी आहे, संधी द्यावी' असं तर अजिबात नको. बोट लागत नाही, पोहता येतं, समुद्राची सवय आहे, हे तुम्हाला माहीत नसतं, तेव्हा लिहू नका. जी गोष्ट त्याला जमत नाही ती खोटी लिहायची गरज नाही, गाळली तरी चालते. फक्त ती कामाच्या मुळाशी असेल, समजा दारूचा त्रास किंवा चोरी, तर पत्र देऊ नका. अर्धवट गोड पत्र देण्यापेक्षा ऑफिसचा कोरा अनुभव दाखला बरा.

पत्राचा मजकूर

पत्र इंग्रजीतच जाणार. पण आधी मराठीत लिहून मग इंग्रजी करा, म्हणजे नमुन्यातली पोपटपंची आत शिरत नाही. हा माझा मजकूर, नावं काढून:

> तारीख, लेटरहेड
>
> विषय: श्री. (पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव), पासपोर्ट क्रमांक (…), यांच्याबद्दल शिफारस
>
> मी या रेस्टॉरंटचा मॅनेजर असून मागची सहा वर्षं इथे आहे. श्री. (…) यांचं काम मी रोज, जवळून पाहिलं आहे.
>
> ते जून 2020 पासून ट्रायलवर आणि 1 ऑगस्ट 2020 पासून कॉमी टू म्हणून कायम होते. एप्रिल 2022 मध्ये कॉमी वन आणि ऑक्टोबर 2023 पासून डीसीडीपी, इंडियन करी सेक्शन. सीडीपीच्या सुट्टीच्या दिवशी, आठवड्यातून दोनदा, ते दोन कॉमींसह सेक्शन स्वतः चालवतात. या सेक्शनमधून मधल्या दिवशी साधारण 90 आणि शनिवारी 170 प्लेट्स जातात. 250 माणसांपर्यंतच्या बँक्वेटची करी आणि भात त्यांनी काढला आहे. टिल्टिंग पॅन आणि कॉम्बी ओव्हन ते स्वतः प्रोग्रॅम लावून वापरतात. कॉन्टिनेंटल सेक्शनवर त्यांनी काम केलेलं नाही.
>
> सेक्शनच्या तापमानाची वही दोन वर्षं त्यांच्याकडे आहे. ग्रेव्ही उथळ ट्रेमध्ये बर्फावर उतरवून तापमान आणि वेळ लिहिण्याची पद्धत ते पाळतात. मे 2024 मध्ये चिलर बंद पडला असता चिकनचं तापमान मोजून, 14 किलो माल बाद करून, नोंद करून त्यांनी मला लगेच कळवलं. अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण त्यांनी पूर्ण केलं असून प्रमाणपत्राची प्रत सोबत आहे.
>
> चार वर्षं ते सहा जणांच्या स्टाफ खोलीत राहिले. त्यांच्याबद्दल तक्रार आलेली नाही. किचनमधल्या ऑर्डर ते इंग्रजीत आणि हिंदीत घेतात.
>
> ते स्वतःच्या इच्छेने, पूर्ण नोटीस देऊन जात आहेत. जागा असेल तर मी त्यांना पुन्हा घेईन.
>
> सही, नाव, पद, शिक्का, मोबाइल, ईमेल. फोनसाठी वेळ: दुपारी 3.30 ते 6.

'कॉन्टिनेंटल सेक्शनवर काम केलेलं नाही' हे वाक्य मी मुद्दाम ठेवलं. पोरगा नाराज झाला. पण त्यामुळे ट्रेड टेस्टमध्ये त्याला इंडियनच विचारलं, आणि बाकीच्या मजकुरावर विश्वास बसला असावा. शेवटचं, पुन्हा घेईन, हे वाक्य खरं असेल तरच लिहा. फोनवर सर्वांत आधी तेच विचारतात.

देण्याआधी

एका पानात बसवा. सही निळ्या शाईने, शिक्का सहीवर थोडा चढलेला पण नंबर झाकणार नाही असा. स्कॅन करून पीडीएफ त्याला द्या, मूळ प्रत त्याच्या फाइलला, एक प्रत तुमच्या खणात. मोबाइलने तिरका काढलेला फोटो पाठवू नका.

पत्र कुणाला जातंय तेही विचारा. भारतातल्या भरती एजन्सीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोकरी मिळवून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला सागरी कामगार करारात मनाई आहे. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, यांचा खर्च वेगळा. 'दोन लाखांत जॉइनिंग' म्हणणारा कुणी असेल, तर पत्राऐवजी आधी पोराला समोर बसवा.

नोटीस पूर्ण व्हावी म्हणून पत्र अडकवून ठेवायची सवय आपल्याकडे आहे. करू नका. पत्र आणि हिशेब वेगळे ठेवा. तो जॉइनिंगची तारीख आली की जाणारच आहे, फक्त न सांगता जाईल.

फोन आला तर खणातली प्रत काढूनच बोला. या पोरासाठी आला तो शनिवारी रात्री पावणेनऊला, बाहेर वेटिंगला बारा टेबलं असताना. 'सोमवारी चारला करा' म्हणालो. त्यांनी बरोबर चारला केला. तारखा विचारल्या, शनिवारच्या प्लेट्स विचारल्या, आणि मग त्या बाई म्हणाल्या, "ते चौदा किलो चिकन... खरंच फेकलं का हो?" मी वेस्टेजच्या वहीतलं ते पान फोटो काढून पाठवलं.